पहिलं वजन उचलण्याआधी

जिममध्ये दुखापत कशी होते असं विचारलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: भलामोठा रॉड उचलायला वाकलेला आणि कमरेला हात लावून तिथेच बसलेला माणूस. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी मात्र वेगळंच सांगतात. 1990 ते 2007 या काळात वजनांचा व्यायाम करताना दुखापत होऊन तिथल्या तातडीच्या विभागांत किती माणसं आली, याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा निघाला सुमारे 9 लाख 70 हजारांचा, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश दुखापती वजन अंगावर पडल्यामुळे झालेल्या होत्या.

खांदा किंवा कंबर हळूहळू दुखायला लागलेला माणूस तातडीच्या विभागात जात नाही, तो महिनाभर बाम चोळत बसतो. त्यामुळे ही टक्केवारी सगळ्या दुखापतींची नाही. तरीही नवख्या माणसाने पहिल्या दिवशी काय शिकावं, याचं उत्तर तिच्यात आहे. वजन उचलण्याआधी ते घ्यायचं कसं आणि ठेवायचं कसं, हे शिकायचं. डंबेल रॅकवरून घेताना रॅकच्या अगदी जवळ उभं राहायचं, लांबून हात पुढे करून ओढायचं नाही. बाकावर आडवं व्हायचं असेल तर आधी दोन्ही डंबेल मांड्यांवर उभे ठेवून बसायचं, मग गुडघ्यांनी त्यांना वर रेटत मागे टेकायचं. रॉडवरच्या प्लेट काढताना एका बाजूच्या सगळ्या काढून मोकळं व्हायचं नाही. रॅकवर ठेवलेला रॉड भरलेल्या बाजूला उलटतो आणि शेजारच्या माणसावर आदळतो. दोन्ही बाजूंनी एकेक प्लेट उतरवत जायचं. रॉड धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळलेला हवा. आणि एकट्याने बेंच प्रेसखाली झोपायचंच नाही. धरायला कुणी नसेल, तर तोच व्यायाम डंबेलवर किंवा चेस्ट प्रेसच्या मशीनवर करता येतो.

भीती किती बाळगावी याचाही एक अंदाज देता येतो. वेगवेगळ्या वजन-खेळांतल्या दुखापतींचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शरीरसौष्ठवाच्या पद्धतीने व्यायाम करणाऱ्यांत दर हजार तासांमागे पाव ते एक दुखापत आढळली. आठवड्यातून तीनदा तासभर जिमला जाणाऱ्याला हजार तास भरायला सहा वर्षांहून जास्त काळ लागतो. ही संख्या सरावलेल्या माणसांची आहे हे खरं, पण नवख्याने त्यांच्याच पद्धतीने आणि त्यांच्याहून हलकं उचललं, तर जिम ही धोक्याची जागा नाही.

गाठ पडते ती कटिंगशी. वजन कमी करायचं म्हणून माणूस एकाच सोमवारी दोन गोष्टी सुरू करतो. जेवण निम्मं करतो आणि जिमचे पैसे भरतो. शरीराला नव्या कामाची सवय करून घ्यायची असते, नेमकं त्याच आठवड्यात त्याचं सामान कमी केलेलं असतं. यातून ताकद वाढतच नाही असं मात्र नाही. खाण्यातली तूट आणि वजनांचा व्यायाम यांवरच्या अनेक प्रयोगांचा 2022 मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला. तूट असताना स्नायूंची वाढ मंदावते, पण ताकदीच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही, असं त्यात दिसलं. कमी पडते ती सावरायची क्षमता. पोटभर खाणाऱ्या आणि नीट झोपणाऱ्या माणसाला जो जास्तीचा सेट पचून जातो, तोच कटिंगवरच्या माणसाच्या खांद्यात आठवडाभर ठाण मांडून बसतो. म्हणून कटिंगवर असलेल्या नवख्यासाठी सगळा खेळ मात्रेचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीहून रोज मुंबईला बँकेत जाणारी 36 वर्षांची एक स्त्री आहे. वजन 74 किलो, शाळेनंतर व्यायाम असा कधी केलेला नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरून पावणेआठला ती घराजवळच्या जिममध्ये पोचते. सहा महिन्यांत 65 किलोपर्यंत यायचं तिच्या मनात आहे. गुडघा जिन्यात कधीमधी कुरकुरतो आणि कंबर खुर्चीत बसून आखडलेली असते. रक्तदाब तपासलेला आहे, तो ठीक आहे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा जुना त्रास आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांची नुकतीच प्रसूती झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार, ‘मॅडम, आज वजन नको, नुसते शंभर स्क्वॉट मारू या.’ हा सल्ला ऐकायला सौम्य वाटतो, पण पहिल्या दिवसासाठी तो हलक्या वजनाच्या दोन सेटपेक्षा वाईट आहे. अनोळखी हालचालीच्या भरमसाट रेप्स, त्याही अर्धपोटी आणि पाणी कमी प्यायलेल्या अवस्थेत केल्या, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात. त्यातून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडांवर ताण आणतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बऱ्याचदा पहिल्याच किंवा मोठ्या खंडानंतरच्या वर्गात, ट्रेनरने ‘दमवून’ काढल्यावर घडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू टणक सुजले, हातपाय वळेनासे झाले आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. घाम किती गाळला आणि दुसऱ्या दिवशी किती दुखलं, यावरून ट्रेनरची हुशारी मोजायची सवय सोडून द्यायला हवी.

तर मग पावणेआठला तिने काय करायचं?

आधी पाच मिनिटं सायकल किंवा ट्रेडमिलवर भरभर चाल. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. यामागचं कारण साधं आहे. स्नायू गरम झाला की तो लवकर आकुंचन पावतो आणि कमी ताठर राहतो. दिवसभर एसीत बसलेल्या अंगाला हे जास्तच लागतं. पुष्कळ जणांचा वॉर्मअप इथेच संपतो, काहींचा तर वीस मिनिटं ट्रेडमिलवर पळून संपतो. तोवर पाय थकलेले असतात आणि खांद्यांना काहीच मिळालेलं नसतं.

म्हणून पुढची पाच मिनिटं त्या दिवशी जे सांधे वापरायचे आहेत त्यांची. योगासनं माहीत असणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मार्जारासनातली पाठीची वर-खाली हालचाल आठ वेळा. सेतुबंधासनात कंबर उचलून वर दोन सेकंद थांबणं, दहा वेळा. बाकावर टेकून उठणं, दहा वेळा. हात भिंतीवर ठेवून दंड, दहा वेळा. हे करताना कुठे आखडलंय आणि कुठे टोचतंय हे कळतं, आणि त्यावरून त्या दिवशीचं वजन ठरवता येतं. वॉर्मअपचा हा उपयोग कुणी फारसा सांगत नाही. डावा गुडघा बाकावरून उठतानाच टोचत असेल, तर स्क्वॉटची खोली त्या दिवशी कमी करायची हे तिला वजन हातात घेण्याआधीच समजलेलं असतं.

पाय ताणून मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवायचा प्रकार मात्र आधी नको. एक स्नायू साठ सेकंदांहून जास्त वेळ ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ थोडी कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वीस-तीस सेकंदांनी काही बिघडत नाही. लांब ताण शेवटी द्यावेत.

वॉर्मअपचा तिसरा भाग सर्वांत जास्त टाळला जातो, आणि दुखापत टाळायच्या दृष्टीने तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. जो व्यायाम करायचा, तोच आधी हलक्या वजनाने करायचा. तिला छातीशी 8 किलोचं डंबेल धरून स्क्वॉट करायचा असेल, तर एक सेट नुसता आणि एक 4 किलोवर पाच-सहा रेप्सचा, मग 8 किलोचा. चार महिन्यांनी ती लेग प्रेसवर 60 किलो ढकलत असेल, तेव्हा आधी 20 किलोवर दहा, 40 वर पाच, आणि मग 60. दिवसातल्या पहिल्या मोठ्या व्यायामाला ही चढण लागतेच, पुढच्यांना एखादा हलका सेट पुरतो. रॉड वापरायची वेळ आली, तर आधी त्याचं वजन विचारून घ्यायचं. स्पर्धेच्या मापाचा रॉड पुरुषांसाठी 20 आणि स्त्रियांसाठी 15 किलोचा असतो, लहान जिममधले रॉड त्याहून हलके असू शकतात. दुसऱ्या जिममध्ये ‘तेच वजन’ अचानक जड लागतं, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

आता फॉर्म. सगळ्या व्यायामांचे सगळे नियम पाठ करण्यापेक्षा एक हालचाल नीट बसवली, तर कमरेची निम्मी काळजी मिटते. ती हालचाल म्हणजे खुब्यातून वाकणं. खाली पडलेली वस्तू उचलताना, रोइंगच्या पवित्र्यात, डेडलिफ्टमध्ये, इतकंच काय रॅकच्या खालच्या फळीवरून डंबेल घेताना, सगळीकडे तीच लागते. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस कमरेतून वाकतो, कारण खुबा वापरायचा त्याला विसर पडलेला असतो.

शिकायला एक झाडूची काठी पुरते. काठी पाठीवर उभी धरायची. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. काठीचा स्पर्श तीन ठिकाणी हवा: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड. पाय खुब्यांच्या रुंदीइतके दूर, गुडघे किंचित सैल. आता गुडघे जास्त न वाकवता पार्श्वभाग मागे न्यायचा. हातांत पिशव्या असताना मागचं दार पार्श्वभागाने ढकलून लावतात, अगदी तसं. छाती आपोआप खाली येते. तिन्ही स्पर्श टिकतात तोवर जायचं आणि पहिला सुटला की थांबायचं. माकडहाडावरचा सुटला तर कंबर गोल झाली, डोक्याचा सुटला तर नजर पायांत गेली.

आपल्या उदाहरणातली स्त्री पहिल्या दिवशी बहुधा गुडघ्यांच्या जरा वरच थांबेल. तीच तिची त्या दिवशीची खोली. मांडीच्या मागच्या बाजूला ओढ जाणवली पाहिजे. ती न जाणवता कमरेत ताण येत असेल, तर एकतर ती खुब्याऐवजी पाठीतून वाकतेय किंवा गुडघे वाकवून स्क्वॉट करतेय. दहा-दहाचे दोन सेट काठीने जमले, की काठी ठेवून दोन्ही हातांत 4-4 किलोचे डंबेल. ते मांड्यांना जवळजवळ घासत खाली गेले पाहिजेत. इथे भौतिकशास्त्र आड येतं: तेच डंबेल पायांपासून वीतभर पुढे गेलं, की कमरेच्या स्नायूंना वजन तेवढंच असूनही बरंच जास्त बळ लावावं लागतं. नवख्यांची कंबर भरून येते ती बहुतेकदा या वीतभर अंतरामुळे.

पाठ जराशी गोल झाली की मणका निसटतो, ही भीतीही काढून टाकायला हवी. मणक्याला वाकायला येतं, तो रोज वाकतो, आणि वजन उचलताना पाठ थोडी वाकली एवढ्यावरून पुढे कंबर दुखेल असं संशोधनात ठामपणे दिसलेलं नाही. मग काठीचा खटाटोप कशासाठी? पहिल्या रेपपासून दहाव्यापर्यंत पाठीचा आकार तोच राहिला, तर ताण कुठे पडतोय हे ठाऊक असतं आणि वजन बेताने वाढवता येतं. पाचव्या रेपला आकार बदलला, तर ते वजन आज जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ. फॉर्मकडे असं मोजपट्टी म्हणून पाहिलं, की घाबरण्याचं काम उरत नाही.

स्क्वॉटमध्ये गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये, हा असाच एक जुना नियम. जिना उतरताना गुडघा बोटांपुढे जातोच. तो फळी लावून अडवला, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो खरा, पण खुबा आणि कमरेवरचा कितीतरी वाढतो, हे 2003 मधल्या एका प्रयोगात मोजलेलं आहे. टाच जमिनीला टेकलेली आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने, आत न कोसळता, एवढं पाहिलं की पुरे. जोर-बैठका मारत मोठ्या झालेल्यांना टाच उचलायची सवय असते. वजन हातात आल्यावर ती सोडायला थोडे दिवस लागतात.

श्वासाचं सूत्र: वजन खाली जाताना आत, वर येताना बाहेर. उचलण्याआधी खोकताना पोट आवळतं तितकं पोट घट्ट करायचं. कसलेले लोक जड वजनाला श्वास रोखून धरतात, त्याने धड ताठ राहतं, पण रक्तदाब क्षणभर प्रचंड चढतो. 1985 मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मापक घालून लेग प्रेस करताना मोजणी झाली, तेव्हा सरासरी 320/250 आली होती. दहा-बारा रेप्स करता येतील अशा वजनाला नवख्याने श्वास रोखायची गरज नाही, आणि रक्तदाब असलेल्याने तर रोखूच नये.

आरशात पाहून फॉर्म तपासू नये. वाकलेल्या अवस्थेत मान वळवून पाहिलं की मानच धरते. त्यापेक्षा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने एका सेटचं चित्रीकरण करावं आणि सेट झाल्यावर पाहावं. चौकटीत दुसरं कुणी येणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

आता सर्वांत अवघड प्रश्न, वजन किती घ्यायचं? दहा रेप्स झाल्यावर आणखी दोन-तीन नीट जमल्या असत्या असं वाटलं, तर वजन बरोबर. जिममध्ये याला ‘रेप्स शिल्लक ठेवणं’ म्हणतात. अडचण अशी, की हा अंदाज नवख्याला येत नाही. म्हणून मनाला विचारण्यापेक्षा वेगाकडे पाहावं. दुसरी रेप आणि आठवी रेप यांना वर यायला जवळजवळ सारखाच वेळ लागत असेल, तर अजून बरंच शिल्लक आहे. वजन वर येताना मध्येच रेंगाळलं, खांदे कानांकडे सरकले, एक बाजू आधी वर गेली किंवा चेहरा वाकडा झाला, तर शिल्लक संपत आली. अशी एक रेप झाली की सेट तिथेच थांबवायचा, मग मोजणी सातवर असो की अकरावर. ठरवलेला आकडा गाठायच्या हट्टापायी केलेल्या शेवटच्या दोन रेप्स कटिंगमध्ये फार महाग पडतात.

तिचा कार्यक्रम एवढाच: आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून. छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, खुब्यातून वाकून डंबेल डेडलिफ्ट, मशीनवर चेस्ट प्रेस, बसून रोइंग आणि शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा एक सेट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून तीन. पहिल्या आठवड्यात तिला हे फारच थोडं वाटेल. तसंच वाटायला हवं.

पुढे आठ ते बारा रेप्सच्या पट्ट्यात राहायचं. तिन्ही सेट स्वच्छ बारा-बाराचे झाले आणि पुढच्या खेपेलाही तसेच झाले, तरच वजन वाढवायचं, तेही मिळेल त्या सर्वांत लहान टप्प्याने. इथे जिमच्या सामानातली एक खोच आहे. कित्येक ठिकाणी डंबेल 5 नंतर थेट साडेसात किलोचं असतं. म्हणायला अडीच किलो, पण प्रत्यक्षात एकदम दीडपट. तेव्हा 5 किलोवरच रेप्स पंधरापर्यंत न्यायच्या, मग वजन खाली नेताना मनात तीन मोजायचे, आणि तेही सोपं झालं की साडेसातवर जाऊन आठपासून सुरुवात करायची. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, कारण मेंदू स्नायूंना कामाला लावायला शिकतो. स्नायुबंध म्हणजे टेंडन मात्र स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. दीड-दोन महिन्यांनी ‘आता तर सहज जमतंय’ म्हणून भराभर वजन चढवणाऱ्यांच्या कोपरात आणि खांद्यात दुखणं सुरू होतं, त्यामागे हे अंतर असू शकतं.

दुखणं दोन प्रकारचं. व्यायामानंतर बारा-चोवीस तासांनी सुरू होऊन एक ते तीन दिवसांत टोकाला जाणारं, दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूच्या मध्यभागी बोथट, आणि चाललं-फिरलं की सैल होणारं दुखणं साधं असतं. पुढच्या खेपेला तोच व्यायाम केल्यावर ते बरंच कमी होतं. याउलट सेटच्या मध्येच चमक आली, दुखणं एकाच बाजूला, सांध्याजवळ, बोट ठेवून दाखवता येण्यासारखं असलं, किंवा प्रत्येक सेटगणिक वाढत गेलं, तर तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद. दोन आठवड्यांत उतार नसेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. सूज आली, रात्री झोपमोड झाली, पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरला, तर इतकंही थांबू नये. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांत तर तासाचाही उशीर नको.

जेवणाचा विषय इथे दुखापतीपुरताच. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का घट, म्हणजे तिच्यासाठी 350-400 ग्रॅम, हा बेताचा वेग. त्या हिशेबाने नऊ किलो उतरायला सहा महिने लागतातच. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा 2011 मधला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. आठवड्याला 0.7 टक्के घटवणाऱ्यांनी वजन उतरवतानाच स्नायू थोडे वाढवले, 1.4 टक्के घटवणाऱ्यांना ते जमलं नाही. प्रथिनांचं प्रमाण लक्ष्य-वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम, म्हणजे तिला रोज साधारण 80 ते 100. नुसत्या वरण-भात-पोळीवर हे भरत नाही. त्यात शंभर ग्रॅम पनीर किंवा पन्नास ग्रॅम सोया चंक्स, दूध-दही, उसळ, चालत असतील तर तीन अंडी, अशी भर घालावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

उपासाचा दिवस वेगळा धरावा. संकष्टीला दिवसभर चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी यावर काढून रात्री आठला स्क्वॉट करायला उभं राहिलं, की बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हातातलं वजन निसटतं ते अशाच वेळी. त्या दिवशी चालून यावं किंवा व्यायाम पुढे ढकलावा. एरवीही दुपारच्या जेवणानंतर रात्री जेवेपर्यंत काहीच न खाता जिम करू नये. तासभर आधी एक केळं आणि मूठभर फुटाणे लोकलमध्येही खाता येतात.

झोपेचं गणित कटिंगवाल्यांना कुणी सांगत नाही. शिकागो विद्यापीठात दहा जाड माणसांना दोन आठवडे सारखंच कमी जेवण दिलं, एकदा साडेआठ तास झोपायला देऊन आणि एकदा साडेपाच. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उतरलेलं वजन जवळजवळ तेवढंच होतं, पण कमी झोपेत चरबीची घट निम्म्याहून जास्त कमी झाली आणि चरबीखेरीज इतर ऊतींची घट 60 टक्के वाढली. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणारीला रात्री साडेसहा तास झोप मिळणंही मुश्कील. ज्या रात्री पाच तासच झोप झाली, त्या संध्याकाळी तिने ठरलेलं वजन घ्यावं, पण प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करावा.

वहीत तीन गोष्टी लिहिल्या की पुरतं: वजन, रेप्स आणि शेवटी किती शिल्लक वाटल्या. सलग दोन आठवडे तेच डंबेल जड लागू लागलं, चिडचिड वाढली, झोप उडाली, किंवा पाळी लांबली अथवा अनियमित झाली, तर तूट अंगावर येऊ लागली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून खेळाडूंमधल्या या अवस्थेकडे लक्ष वेधलं आहे. उर्जा अपुरी पडली की हाडं, संप्रेरकं आणि पाळी यांवर परिणाम होतो आणि हाडांच्या दुखापती वाढतात. पाळी चुकत राहिली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बाकीच्या खुणांसाठी आठवडाभर तूट बंद करून पोटाला पुरेल इतकं खायचं, सेट तीनाचे दोन करायचे, वजन मात्र तेच ठेवायचं. आठव्या दिवशी पहिल्या हलक्या सेटला डंबेल पूर्वीसारखं झरझर वर आलं, तर तूट पुन्हा सुरू करता येते. तसं आलं नाही, तर आणखी एक आठवडा तसाच जाऊ द्यायचा.